ऑनलाइन सनस्क्रीन आणि बूट: पैसे भरायच्या आधी नकली माल कसा ओळखायचा?

मेघना_मनीषनगर
कार्टमध्ये दोन वस्तू पडून आहेत, पैसे अजून भरले नाहीत. पहिली कोरियन सनस्क्रीन, ५० मिलीची ट्यूब. ब्रँडच्या स्वतःच्या भारतीय साइटवर १,२५० रुपये, इथे ४४९. दुसरी वस्तू भावासाठी धावण्याचे बूट, नऊ नंबर. १०,७९५ खोडून ३,२९९ लिहिलंय. दोन्ही पानांवर साडेचार तारे आहेत, हजारो रिव्ह्यू आहेत आणि वर ब्रँडचं नाव झळकतंय. ब्रँड आणि साइट मुद्दाम लिहीत नाही.

माल घरी आल्यावर शिलाई बघा, वास घ्या, हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मला ते नको. समोर फक्त स्क्रीन असताना, पैसे भरायच्या आधी, काय काय तपासता येतं?

सावजी_तर्री
१,२५० ची ट्यूब ४४९ ला? सोडून द्या ताई.

धरमपेठकर
बर्डीवर जा, धरमपेठेत जा, ब्रँडच्या दुकानात बूट पायात घालून बघा आणि घ्या. ऑनलाइनचा हट्ट काऊन?

निखिल_प्रतापनगर
एवढं घाबरायचं कारण नाही. चारच्या वर तारे, हजाराच्या वर रिव्ह्यू आणि माल साइटच्या स्वतःच्या गोदामातून येतोय असा बिल्ला, या तीन गोष्टी असल्या की बिनधास्त घ्या. सनस्क्रीनच्या डब्याच्या फोटोत बारकोड दिसत असेल तर तो ८८० ने सुरू होतो का बघा. ८८० म्हणजे कोरिया.

कॅटलॉगवाला
माझं काम मार्केटप्लेसवर माल चढवायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निखिलभाऊंनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही माल नकली निघू शकतो. कसा, ते सांगतो.

मार्केटप्लेसवर एका वस्तूचं एक पान असतं. फोटो, वर्णन, ब्रँडचं नाव, तारे आणि रिव्ह्यू त्या पानाला चिकटलेले असतात. त्याच पानावर दहा वेगवेगळे विक्रेते आपापला माल लावू शकतात. पहिली दोन वर्षं अधिकृत विक्रेत्याने खरा माल विकला, लोकांनी मनापासून पाच तारे दिले. आता तिसराच कोणी कमी भावात त्या पानावर येऊन बसला, तर जुने तारे त्याच्या मालावरही दिसतात. रिव्ह्यू पानाचे, माल विक्रेत्याचा. हे एकदा लक्षात आलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं.

म्हणून सगळ्यात आधी `Sold by` च्या पुढचं नाव बघा. किमतीच्या किंवा खरेदीच्या बटणाच्या आसपास बारीक अक्षरात असतं. वर ब्रँडच्या दुकानाची जी लिंक दिसते, ती पान कोणत्या ब्रँडचं एवढंच सांगते. माल कोण देतंय ते तिथे नसतं.

गोदामाचा बिल्लाही तसाच. माल साइटच्या गोदामात ठेवला होता आणि तिथून पॅक होऊन निघाला, इतकाच त्याचा अर्थ. गोदामात माल आणून ठेवणारा विक्रेताच असतो, आणि प्रत्येक खोका उघडून खरा-खोटा बघायची सोय तिथे नसते. बिल्ल्यामुळे डिलिव्हरी वेळेवर होते, परत करणं सोपं जातं. अस्सलपणाशी त्याचा संबंध नाही.

बारकोडचं पुढे लिहितो. मेघनाताई, आधी दोन्ही पानांवर विक्रेत्याचं नाव काय आहे ते बघून सांगा. आणि बुटाच्या पानावर नऊ नंबर निवडल्यावरच बघा, आधी नको.

मेघना_मनीषनगर
नऊ निवडल्यावरच म्हणजे? आठ निवडला तर नाव बदलतं का?

कॅटलॉगवाला
बदलू शकतं. प्रत्येक नंबर आणि प्रत्येक रंग आतून वेगळी वस्तू म्हणून नोंदलेला असतो, त्याचे विक्रेतेही वेगळे असतात. आठ नंबर ब्रँडचा अधिकृत विक्रेता देतोय आणि नऊ नंबर कोणी भलताच, असं एकाच पानावर सर्रास दिसतं. लिपस्टिकच्या शेडचं तेच. पिनकोडनेही फरक पडतो. ४४० वाला नागपूरचा पिनकोड टाकला की ज्याचा माल जवळच्या गोदामात आहे त्याला साइट पुढे करू शकते. मुंबईच्या मैत्रिणीने लिंक पाठवली आणि तिला खरा माल मिळाला, म्हणून त्याच लिंकवर तुम्हाला तोच विक्रेता मिळेल असं धरून चालू नका. शेवटी कार्टमध्ये गेल्यावर, पैसे भरायच्या पडद्यावर नाव पुन्हा एकदा वाचायचं.

मेघना_मनीषनगर
बघितलं. बुटात आठ आणि दहा नंबरला एक विक्रेता आहे आणि भाव ६,४७९. नऊला दुसराच, त्याचा भाव ३,२९९. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सनस्क्रीनचा विक्रेता तिसरा, नावात फक्त "ट्रेडर्स" आहे.

सनस्क्रीनच्या पानावर खाली माहितीच्या तक्त्यात असं आहे. नेट क्वांटिटी: ५० ग्रॅम. कंट्री ऑफ ओरिजिन: इंडिया. मॅन्युफॅक्चरर: ब्रँडचंच नाव, पत्ता नाही. इम्पोर्टर: NA.

इतवारी_गल्ला
ताई, मी इतवारीत कॉस्मेटिकच्या होलसेलमध्ये आहे. त्या तक्त्यातच उत्तर आहे.

बाहेरून आलेल्या कॉस्मेटिकला आपल्याकडे आयातीची नोंदणी लागते. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० मध्ये ते स्पष्ट आहे. ट्यूबवर किंवा डब्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा नंबर असतो. बहुतेक वेळा पांढरा स्टिकर असतो, त्याच्यावर रुपयातली एमआरपी. भारतात बनलेला माल असेल तर आयातदार नसतो, पण मग इथल्या कारखान्याचं नाव, पत्ता आणि उत्पादन परवान्याचा नंबर पाहिजे.

तुमच्या पानावर देश इंडिया लिहिलाय, आयातदार नाही आणि कारखान्याचा पत्ताही नाही. म्हणजे दोन्हीकडून कोरं. आता ब्रँडच्या भारतीय साइटवर हीच ट्यूब उघडा. तिथे देश कोरिया आणि आयातदाराचं नाव-पत्ता दिला असेल, तर हे पान भरणाऱ्याच्या हातात तो माल कधी आलाच नव्हता असं समजा. ज्याच्याकडे डबा असतो तो डब्यावरून बघून लिहितो.

५० ग्रॅमचंही तसंच. ब्रँडच्या साइटवर ५० मिली असेल तर डब्यावरही मिलीच छापलेलं असणार.

मेघना_मनीषनगर
ब्रँडच्या साइटवर देश कोरिया, आयातदाराचं पूर्ण नाव आणि पत्ता आहे. आणि ५० मिलीच लिहिलंय.

निखिल_प्रतापनगर
पण हे तक्ते विक्रेते कसेही भरतात. मोठे विक्रेतेसुद्धा NA लिहितात. त्यावरून नकली कसं म्हणता?

कॅटलॉगवाला
निखिलभाऊ, यात तुमचं बरोबर आहे. तक्ता आळसानेही चुकतो. दुसरं असं की पान एकाने बनवलेलं असतं, तक्ता त्याने भरलेला असतो आणि आजचा विक्रेता वेगळा असू शकतो. म्हणून एकट्या तक्त्यावर मी निकाल देत नाही. पण पत्ता, आयातदार, मूळ देश, नेट क्वांटिटी आणि एमआरपी पानावर दाखवणं लीगल मेट्रॉलॉजीच्या नियमांनी बंधनकारक आहे. ऑनलाइनसाठी ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झालं. उत्पादनाचा महिना-वर्ष मात्र पानावर दाखवायची सक्ती नाही, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून शंका घेऊ नका.

तक्त्यातली चूक, अनोळखी विक्रेता आणि एक तृतीयांश भाव या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मी तो माल घेत नाही. एकच गोष्ट असेल तर पुढे शोध घेतो.

विदर्भ_वाघ
माझ्याकडे मागच्या महिन्यात एका साइटवरून नकली बूट आले. परत घेत नाहीत, "वापरलेले दिसतात" म्हणून राहिले. काय करू?

धरमपेठकर
वाघ भाऊ, हा धागा घेण्याच्या आधीचा आहे, पण सांगून टाकतो. साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा. त्याचं नाव आणि ईमेल साइटवर असायलाच पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची. कस्टमर केअरच्या चॅटवर भांडत बसू नका, त्याची नोंद धड राहत नाही. सोबत ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका.

विदर्भ_वाघ
धन्यवाद भाऊ. १९१५ माहीत नव्हतं.

करसल्लागार_सदर
विक्रेता कोण आहे हे शोधायचा एक चांगला मार्ग राहून गेला. विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारली की त्याचं पान उघडतं. तिथे व्यवसायाचं नाव आणि पत्ता मिळायला पाहिजे. काही ठिकाणी जीएसटी नंबरही असतो. तो मिळाला तर gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये टाकून बघा. लॉगिन लागत नाही, फक्त कॅप्चा भरायचा.

नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे. २७ महाराष्ट्र, ०७ दिल्ली, ०६ हरियाणा, २४ गुजरात. पुढची दहा अक्षरं पॅन. नंबरातलं सहावं अक्षर बघा. P असेल तर एकट्या माणसाचा धंदा, F असेल तर भागीदारी, C असेल तर कंपनी. विक्रेत्याचं नाव "अमुक ब्रँड ऑफिशियल इंडिया" आणि सहावं अक्षर P, असं असेल तर ती काही ब्रँडची कंपनी नाही.

मग निकालात तीन गोष्टी वाचा. एक, नोंदणीची तारीख. दोन, स्थिती चालू आहे की रद्द. तीन, `Dealing In Goods and Services` खालचे एचएसएन कोड. त्वचेच्या सौंदर्यप्रसाधनांचा ३३०४, कापडी वरच्या भागाच्या बुटांचा ६४०४. सनस्क्रीन विकणाऱ्याच्या यादीत फक्त ८५१७, म्हणजे मोबाइल आणि त्याचं सामान दिसलं, तर विचार करावा.

निखिल_प्रतापनगर
हे सोपं आहे. म्हणजे नंबर चालू असला की माल खरा, आणि नंबरच नसला की नकली.

करसल्लागार_सदर
नाही, दोन्हीकडून नाही. जीएसटीवरून विक्रेता कोण आहे ते कळतं. माल काय आहे ते कळत नाही. नकली माल विकणाराही नोंदणी करतो आणि रिटर्न भरतो. उलट बाजूने, १ ऑक्टोबर २०२३ पासून कमी उलाढालीचा छोटा विक्रेता आपल्याच राज्यात नोंदणीशिवायही ऑनलाइन माल विकू शकतो. घरगुती उटणं विकणारी बाई त्यात बसते, तिच्याकडे नंबर नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. पण दहा हजारांचे परदेशी बूट विकणाऱ्याकडे नंबर नसेल तर मला ते पटणार नाही.

एचएसएन कोडची यादीही अनेक व्यापारी पहिल्या दिवशी भरतात आणि नंतर हात लावत नाहीत. तो आधाराचा पुरावा, मुख्य नाही.

मेघना_मनीषनगर
"ट्रेडर्स"चा नंबर त्याच्या पानावर मिळाला. ०७ ने सुरू, सहावं अक्षर P. नोंदणी पाच आठवड्यांपूर्वीची. कोड ३९२६ आणि ८५१७. त्याच्या पानावरचे रेटिंग ९१ टक्के चांगले.

कॅटलॉगवाला
३९२६ म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू. मोबाइल कव्हरवाला सनस्क्रीनकडे वळलाय.

९१ टक्क्यांकडे एक मिनिट बघू. विक्रेत्याच्या पानावर महिन्याचे, तीन महिन्यांचे, वर्षाचे रेटिंग वेगवेगळे दिसत असतील तर सगळ्यात अलीकडचे वाचा, आणि एक ताऱ्यावालेच वाचा. काही साइटवर एक गंमत असते: माल साइटच्या गोदामातून गेला असेल तर वाईट शेरा खोडलेला दिसतो आणि खाली "डिलिव्हरीची जबाबदारी आमची" असं साइटचं वाक्य येतं. असे शेरे टक्केवारीत धरले जात नाहीत. पण खोडलेल्या रेघेखालची अक्षरं वाचता येतात. त्यात "डुप्लिकेट", "सील नव्हतं", "वास वेगळा" हे शब्द शोधा.

वस्तूच्या पानावरचे रिव्ह्यूही नव्यापासून जुन्याकडे लावून वाचा आणि फोटो असलेलेच वाचा. ग्राहकांचे फोटो एकमेकांशी ताडून बघा. दीड वर्षापूर्वीच्या फोटोत झाकण मॅट आहे, टोकाची दुमड सरळ आहे, मागे आयातदाराचा स्टिकर आहे, आणि गेल्या महिन्यातल्या फोटोत झाकण चकचकीत आणि स्टिकर गायब, तर मधे कुठेतरी माल बदललाय. ब्रँडने पॅकिंग बदललं असंही होऊ शकतं, म्हणून ब्रँडच्या साइटवरचा आजचा फोटो तिसरा म्हणून समोर ठेवायचा.

आणि रिव्ह्यूतली भाषा वाचा. सनस्क्रीनच्या पानावर जुने रिव्ह्यू "चार्जर मस्त चालतो" म्हणत असतील तर जुनं पान उचलून त्यावर नवी वस्तू बसवलीय. तारे चार्जरचे आहेत.

सावजी_तर्री
चार्जर लावला की चेहरा उजळतो बाप्पा 😄

प्राजक्ता_वर्धमाननगर
बारकोडचं राहिलं. माझी आई ॲपने बारकोड स्कॅन करूनच घेते.

कॅटलॉगवाला
हो, राहिलंच. सुरुवातीचे अंक बारकोड कोणत्या देशाच्या संस्थेकडून घेतला ते सांगतात. ८९० भारत, ८८० कोरिया. माल कुठे बनला ते त्यावरून ठरत नाही. आणि नकली डबा छापणारा खऱ्या डब्याचा बारकोड जसाच्या तसा छापतो, त्यामुळे ॲपमध्ये खऱ्या वस्तूचंच नाव येतं. बॅच नंबरच्या साइट्सचंही हेच, त्या बॅचची तारीख सांगतात. खऱ्या बॅचचा एकच नंबर हजारो नकली ट्यूबवर छापता येतो. चुकीचा बॅच नंबर सापडला तर संशय घ्या. बरोबर सापडला तर त्याने काही सिद्ध होत नाही.

गोकुळपेठ_रनर
बुटांवर कोणी बोलतच नाहीये. माझा विषय आहे.

बुटाला मॉडेलच्या नावापेक्षा कोड महत्त्वाचा. नायकीचा कोड सहा अक्षरं-अंक, आडवी रेघ आणि तीन अंक. उदाहरणार्थ पांढरा एअर फोर्स वन `CW2288-111`. रेघेपुढचे तीन अंक रंगाचे. त्यातला पहिला अंक बहुतेक वेळा मुख्य रंग सांगतो: ० काळा, १ पांढरा, ४ निळा, ६ लाल. पुमाचे सहा अंक आणि मग रंगाचे दोन. आदिदासचा सहा अक्षरांचा एकच आर्टिकल नंबर, प्रत्येक रंगाला वेगळा.

पानावर कोड शोधा. मॉडेल नंबर किंवा स्टाइल कोड म्हणून असतो, किंवा खोक्याच्या लेबलच्या फोटोत दिसतो. तो ब्रँडच्या साइटवर आणि नुसता सर्चमध्ये टाका. तीन गोष्टी जुळायला पाहिजेत: मॉडेल, रंग आणि बूट पुरुषांचा की बायकांचा. कॉपीवाले एकाच मॉडेलचा खोका छापून सगळ्या रंगांना वापरतात. फोटोत बूट काळा आणि कोडच्या शेवटी १०० असं दिसलं की पुढे जायची गरज नाही. पानावर कोडच नाही, "Sports Shoes 01" असलं काही लिहिलंय, तरी मी घेत नाही.

दुसरी खूण नंबरांची. खरी सवलत उरलेल्या मालावर असते. मोसम संपला की आठ आणि अकरा उरतात, नऊ संपलेला असतो, रंगही एखादाच राहतो. सहा ते अकरा सगळे नंबर, पाचही रंग, सगळ्यांवर सारखीच सत्तर टक्के सूट आणि "फक्त २ शिल्लक" महिनाभर तसंच, हा मोसम संपल्याचा माल नाही.

खोडलेल्या किमतीवर जाऊ नका. १०,७९५ ही त्या मॉडेलची खरी एमआरपी आहे का, ते ब्रँडच्या साइटवर बघा. कित्येकदा सहा हजारांच्या बुटावर दहा हजार खोडलेले असतात.

धरमपेठकर
आणि आयएसआय? आता बुटांवर आयएसआय लागतो ना? नसेल तर नकली.

गोकुळपेठ_रनर
१ ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या आणि मध्यम उत्पादकांना लागू झालं. खेळाच्या बुटांचा मानक IS 15844. मार्च २०२५ मध्ये बीआयएसने दिल्लीत ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांवर छापे टाकले, त्यात बिनचिन्हाचे खेळाचे बूटही जप्त झाले होते. पण चिन्ह नाही म्हणजे माल नियमाबाहेरचा, ब्रँडची नक्कल असेलच असं नाही. खरे जुने बूट बिनचिन्हाचे असू शकतात. उलट, नक्कल करणारा चिन्हही छापतो. चिन्हाजवळ `CM/L-` ने सुरू होणारा परवाना नंबर फोटोत वाचता आला तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. परवाना कोणाच्या नावावर, कोणत्या मालाचा आणि चालू आहे का ते दिसतं. लायसन्स प्रेशर कुकरचं आणि छापलंय बुटावर, असलंही त्यात पकडता येतं.

धरमपेठकर
तरी माझं म्हणणं तेच. नियमाबाहेरचा माल काय आणि नकली काय, ग्राहकाला फरक काय पडतो?

इतवारी_गल्ला
पडतो भाऊ. कॉस्मेटिकमध्ये तर हा रोजचा प्रश्न आहे. कोणी दुबईहून किंवा बँकॉकहून बॅगेत भरून खरीच क्रीम आणतो आणि विकतो. क्रीम अस्सल असते, पण नोंदणी नाही, आयातदार नाही. वाटेत उन्हात किती दिवस राहिली ते कोणाला माहीत नाही. काही झालं तर जबाब द्यायला इथे कोणी नाही. मी तो माल ठेवत नाही. पण त्याला नकली म्हणणं मला पटत नाही.

प्राजक्ता_वर्धमाननगर
नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत डिक्कीत फिरलेली सनस्क्रीन खरी असली तरी काय कामाची? माझ्यासाठी ती नकलीच.

इतवारी_गल्ला
उन्हाचं तुमचं बरोबर आहे. नावाचा वाद चालू द्या.

निखिल_प्रतापनगर
इन्स्टावरून घेण्याबद्दल? तिथे तर `Sold by` वगैरे नाहीच.

कॅटलॉगवाला
तिथे शब्द ऐका. "फर्स्ट कॉपी", "मास्टर कॉपी", "सेव्हन ए क्वालिटी", "ओजी बॉक्स सोबत", "इम्पोर्टेड क्वालिटी" हे सगळं नकलीचंच बोलणं आहे. विक्रेता स्वतःच सांगतोय, फक्त नकली शब्द टाळतोय. स्पष्ट विचारा: "ब्रँडचं बिल मिळेल का, त्यावर जीएसटी नंबर आणि स्टाइल कोड असेल का?" उत्तरात "क्वालिटी सेम आहे" आलं तर विषय संपला.

आणि यूपीआयने देत असाल तर पिन टाकायच्या आधीच्या पडद्यावर बँकेतलं नाव दिसतं. दुकान "अमुक स्पोर्ट्स इंडिया" आणि खातं कोण्या एका माणसाच्या नावावर असेल तर तिथेच थांबा. पैसे गेलेच आणि माल आलाच नाही, तर लगेच १९३० वर फोन करा. १९१५ वेगळं, ते ग्राहक तक्रारीचं.

मेघना_मनीषनगर
मला बरंच स्पष्ट झालं. सनस्क्रीन कार्टमधून काढली. बुटाच्या नऊ नंबरच्या पानावर कोड आहे, तो ब्रँडच्या साइटवर टाकला तर बायकांचं मॉडेल निघतं. तोही काढला. आठ-दहावाला विक्रेता ब्रँडच्या साइटवर अधिकृत म्हणून आहे. त्याच्याकडे नऊ आला तर कळवा असं बटण आहे, ते दाबून ठेवलंय. एक प्रश्न: कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली तर धोका कमी होतो का?

धरमपेठकर
होतो. पैसे हातात असतात.

गोकुळपेठ_रनर
फारसा नाही. बहुतेक डिलिव्हरीवाले पैसे घेतल्याशिवाय खोका उघडू देत नाहीत. उघडून दाखवायची सोय वेगळी असते, ती असेल तर वस्तूच्या पानावर लिहिलेली असते, आणि बुटांना क्वचित. असली तरी दारात दोन मिनिटांत काय कळणार?

करसल्लागार_सदर
एक फायदा आहे. बऱ्याच ठिकाणी माल रवाना झाला की ऑर्डरच्या पानावर बिल दिसू लागतं. पानावर जीएसटी नंबर नव्हता तर तो बिलावर मिळतो. डिलिव्हरीच्या आधी तपासता येतो आणि खटकलं तर दारातूनच परत पाठवता येतो.

गोकुळपेठ_रनर
हे बरोबर. पण सारखं दारातून परत पाठवलं तर साइट कॅश बंद करते.

कॅटलॉगवाला
कॅशपेक्षा परतीची अट आधी वाचा. "फक्त बदलून मिळेल" असेल तर नकलीच्या बदल्यात त्याच विक्रेत्याकडून पुन्हा नकलीच येणार. कॉस्मेटिकला बहुधा परती नसतेच. आणि पैसे भरायच्या आधी विक्रेत्याचं नाव, तक्ता आणि परतीची अट यांचा स्क्रीनशॉट ठेवा. ती पानं नंतर बदलतात.

प्राजक्ता_वर्धमाननगर
जाता जाता: परफ्यूमचे "टेस्टर" निम्म्या भावात मिळतात, विदाउट बॉक्स. ते घ्यावे का?

इतवारी_गल्ला
खरे टेस्टर असतात, दुकानात ग्राहकाला वास द्यायला येतात. त्यावर विक्रीसाठी नाही असं छापलेलं असतं, कित्येकदा झाकणही नसतं. ते ऑनलाइन शेकड्यांनी विकायला कुठून येतात, हा पहिला प्रश्न. दुसरं, भंगारात गेलेल्या अस्सल रिकाम्या बाटल्यांना चांगला भाव येतो, त्यात दुसरं भरून हेच विदाउट बॉक्स म्हणून विकतात. बाटली, नळी, बॅच नंबर सगळं अस्सल, म्हणून फोटोवरून कोणालाच ओळखता येत नाही. डबा आणि त्यावरचं आयातदाराचं लेबल नसलेलं परफ्यूम ऑनलाइन घेऊ नका. आणि तुमची बाटली संपली की भंगारात द्यायच्या आधी लेबल खरवडून टाका, स्प्रेची नळी पकडीने चेपून टाका.

प्राजक्ता_वर्धमाननगर
नळी चेपल्यावर काच फुटत नाही ना?

इतवारी_गल्ला
वरचं बटण ओढून काढा, खाली पत्र्याची कडी दिसेल. तिच्या मधोमध जी बारीक नळी वर येते तीच चेपायची, काचेला धक्का लागत नाही. हातात जाड कापड धरा.